बाकरवडीच्या पाकिटातला ऑक्सिजन: पॅकेजिंगचे प्रश्न पायरीपायरीने कसे सोडवायचे

फूड टेक्नॉलॉजीच्या पेपरात, मग तो गेटचा असो की कॉलेजच्या सेमिस्टरचा, पॅकेजिंगवर एक ठरावीक जातीचं गणित फिरून फिरून येतं. पदार्थाचं वजन दिलेलं असतं, पाकिटाचं माप दिलेलं असतं, पदार्थ किती ऑक्सिजन सोसतो ते दिलेलं असतं, आणि विचारतात की अमुक दिवस टिकवायचं तर फिल्मचा ओटीआर किती असावा. ओटीआर म्हणजे एक चौरस मीटर फिल्ममधून एका दिवसात आरपार जाणारा ऑक्सिजन, घन सेंटिमीटरमध्ये मोजलेला. आकडा जितका लहान, तितकी फिल्म ऑक्सिजनला अडवायला चांगली.

सूत्र एका ओळीचं आहे आणि ते सगळ्यांना पाठ असतं:

```
Q = OTR × A × Δp × t
```

Q म्हणजे आत शिरलेला ऑक्सिजन, A क्षेत्रफळ, Δp म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबातला फरक आणि t दिवस. तरीही या प्रश्नात मार्क जातात, कारण सूत्रात घालायच्या चारही आकड्यांपाशी एकेक खाच आहे. म्हणून मी इथे एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेणार आहे. पुण्यात राहून पॅकेजिंग शिकायचं तर बाकरवडी सोडून दुसरं उदाहरण कशाला शोधायचं? तळलेली, तेल धरून बसलेली, आत खोबरं, तीळ, खसखस. खवट व्हायला लागणारं सगळं साहित्य एकाच वळकटीत.

प्रश्न असा समजा. 200 ग्रॅम बाकरवडी 20 सेंमी × 15 सेंमीच्या चपट्या पाउचमध्ये नायट्रोजन मारून पॅक केली आहे. पाउचमधली मोकळी जागा, म्हणजे हेडस्पेस, 300 मिली आहे आणि सील झाल्यावर त्या जागेत 1% ऑक्सिजन उरला आहे. बाकरवडी आपल्या वजनाच्या 50 पीपीएम इतका ऑक्सिजन सोसते. 90 दिवस टिकवायची आहे. फिल्मचा ओटीआर जास्तीत जास्त किती चालेल?

हे 50 पीपीएम मी गणितापुरते घेतले आहेत. खऱ्या उत्पादनासाठी हा आकडा साठवणुकीच्या चाचणीतूनच काढावा लागतो. परीक्षेत मात्र तो हातात दिलेला असतो, त्यावर शंका घेत बसू नका.

पहिली पायरी: पीपीएमचे सीसी करा

50 पीपीएम म्हणजे दहा लाख ग्रॅममागे 50 ग्रॅम. 200 ग्रॅम बाकरवडीला त्या हिशेबाने 0.01 ग्रॅम, म्हणजे 10 मिलिग्रॅम ऑक्सिजन चालतो. पण ओटीआर वजनात नसतो, आकारमानात असतो. तेव्हा 32 ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे 22,400 सीसी, हे धरून बदल करा:

```
0.01 / 32 × 22400 = 7 cc
```

इथे काही मुलं 25 अंशांना एका मोलचं आकारमान 24.5 लिटर असतं म्हणून तो आकडा घेतात आणि 7.7 सीसी काढतात. ओटीआरमधले सीसी बहुधा प्रमाण तापमान आणि दाबाला मोजलेले असतात, म्हणून प्रश्नात वेगळं काही म्हटलं नसेल तर 22.4 लिटर धरा. हेडस्पेसचं आकारमान खरं तर खोलीच्या तापमानाला असतं, त्यामुळे काटेकोर हिशेबात तेही बदलून घ्यायला हवं. परीक्षेत तेवढ्या खोलात कोणी जात नाही.

दुसरी पायरी: आधीच आत असलेला ऑक्सिजन वजा करा

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा जीव या पायरीत आहे. 300 मिलीचा 1% म्हणजे 3 सीसी. बाकरवडीला एकूण 7 सीसी चालतात, त्यातले 3 सीसी पाकीट सील होतानाच आत बसलेले आहेत. उरले 4 सीसी. फिल्मला 90 दिवसांत तेवढाच ऑक्सिजन आत सोडायची मुभा आहे.

आता हाच हिशेब थोडा हलवून पाहा. नायट्रोजनचा नोझल जरा वाकडा लागला किंवा मशीनचा वेग वाढवला आणि उरलेला ऑक्सिजन 2% झाला, तर 6 सीसी आतच आहेत आणि फिल्मच्या वाट्याला फक्त 1 सीसी येतो. 3% झाला तर 9 सीसी. म्हणजे दुकानात पोचायच्या आधीच मर्यादा ओलांडली गेली. अशा पाकिटाला जगातली कुठलीही फिल्म वाचवू शकत नाही, अगदी जाड ॲल्युमिनियम फॉईलसुद्धा. ‘शेल्फ लाइफ कमी पडतंय, काय सुचवाल?’ असा वर्णनात्मक प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिका थेट फिल्म बदलायला धावतात. आधी हेडस्पेसमधल्या ऑक्सिजनचा हिशेब मांडा. पुष्कळदा दुखणं तिथेच सापडतं.

तिसरी पायरी: क्षेत्रफळ

पाउचला दोन बाजू असतात. 0.20 × 0.15 म्हणजे 0.03 चौरस मीटर, आणि दोन्ही बाजू धरून 0.06. एकच बाजू धरली तर उत्तर दुप्पट ढिलं येतं. उलट, पदार्थ कडक ट्रेमध्ये असेल आणि ट्रे ऑक्सिजनला अडवणारा असेल, तर फक्त वरच्या झाकणाच्या फिल्मचं क्षेत्रफळ धरायचं. प्रश्नातला ‘लिडिंग फिल्म’ हा शब्द त्यासाठीच घातलेला असतो.

चौथी पायरी: 0.21 विसरू नका

ओटीआर मोजताना फिल्मच्या एका बाजूला शुद्ध ऑक्सिजन असतो आणि दुसऱ्या बाजूने नायट्रोजन वाहत असतो. आरपार आलेला ऑक्सिजन तो नायट्रोजन सेन्सरपर्यंत नेतो. एएसटीएम डी 3985 ही पद्धत अशीच चालते. म्हणजे तक्त्यातला आकडा 1 ॲटमॉस्फिअर दाबफरकाचा आहे. आपलं पाकीट मात्र हवेत पडलेलं असतं आणि हवेत ऑक्सिजन 20.9% असतो. म्हणून Δp घ्यायचा 0.21.

एककात शेवटी ‘ॲटमॉस्फिअर’ लिहिलेलं असेल तर शंका नको, 0.21 ने गुणा. ते लिहिलेलं नसेल तर प्रश्नात ‘हवेत मोजलेला’ असं म्हटलंय का ते बघा. म्हटलं असेल तर 0.21 त्या आकड्यातच आलेला आहे आणि तुम्ही पुन्हा गुणलंत तर उत्तर पाच पट चुकेल. जुन्या अमेरिकन पद्धतीचा डेटा आला तर तो 100 चौरस इंचांमागे असतो. त्याला 15.5 ने गुणलं की चौरस मीटरमागचा आकडा मिळतो.

आपण आतला ऑक्सिजन शून्य धरतोय, हेही ध्यानात असू द्या. खरं तर आत 1% आहे, म्हणजे फरक 0.20 चा झाला. पण पदार्थ शिरलेला ऑक्सिजन लगेच शोषतो आणि आतला दाब जवळपास शून्यच राहतो, असं गृहीत धरून हा हिशेब केला जातो. हे गृहीतक उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहून टाका, तपासणारा खूश होतो. पदार्थ ऑक्सिजन शोषत नसेल तर आतलं प्रमाण हळूहळू वाढतं, फरक घटतो आणि शिरण्याचा वेगही मंदावतो. तो प्रश्न वेगळा, त्यात लॉगरिदम येतो.

जाता जाता: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब 0.94 ॲटमॉस्फिअरच्या आसपास असतो, म्हणून Δp खरं तर 0.20 च्या जरा खाली येतो. मुंबईत सील केलेलं पाकीट बोरघाट चढून आलं की थोडं फुगलेलं दिसतं, त्याचं कारणही हेच. परीक्षेत दाब दिलेला नसेल तर मात्र मुकाट्याने 0.21 लिहा.

पाचवी पायरी: उत्तर, आणि त्या उत्तराला बसणारी फिल्म

```
4 = OTR × 0.06 × 0.21 × 90
OTR = 4 / 1.134 = 3.53 cc/m²·day·atm
```

गणित इथे संपलं तरी प्रश्न बहुधा संपत नाही. पुढची ओळ असते: ‘योग्य पॅकेजिंग मटेरियल सुचवा.’ यासाठी चार-पाच आकडे डोक्यात असले की काम भागतं. सगळे ढोबळ आहेत, 23 अंशांना कोरड्या हवेत मोजलेले. 25 मायक्रॉन एलडीपीई साधारण 8000. तितक्याच जाडीची बीओपीपी 2000 च्या आसपास. 12 मायक्रॉन साधी पीईटी साधारण 110. तीच पीईटी ॲल्युमिनियमचा थर चढवून मेटलाइज्ड केली की साधारण 1. शाबूत फॉईल जवळजवळ शून्य.

पाकिटात वापरतात ते लॅमिनेट, म्हणजे चिकटवलेले थर. समजा पुरवठादाराने 12 मायक्रॉन पीईटी आणि 50 मायक्रॉन एलडीपीई सुचवलं. 25 मायक्रॉनला 8000, म्हणजे 50 मायक्रॉनला 4000. आता या दोन थरांची बेरीज करू नका आणि सरासरीही काढू नका. विजेच्या परिपथात एकापुढे एक जोडलेल्या रोधांची बेरीज होते, इथे तशी ओटीआरच्या व्यस्तांची होते:

```
1/OTR = 1/110 + 1/4000 = 0.00909 + 0.00025 = 0.00934
OTR = 107
```

पीईटी एकटी 110 होती, 50 मायक्रॉनचं पॉलिथिन जोडून 107 झाली. लॅमिनेटचा ओटीआर नेहमी त्यातल्या सर्वांत लहान आकड्याहून कमीच येतो. तुमचं उत्तर त्याहून मोठं आलं असेल तर कुठेतरी व्यस्त घ्यायचं राहिलंय. पॉलिथिनचा थर इथे ऑक्सिजनसाठी नाहीच. तो आहे सील होण्यासाठी आणि ओलावा अडवण्यासाठी.

या लॅमिनेटमधून रोज किती ऑक्सिजन शिरेल? 107 × 0.06 × 0.21 म्हणजे 1.35 सीसी. उरलेले 4 सीसी तिसऱ्या दिवशी संपले. मेटलाइज्ड पीईटी घेतली तर रोज 0.0126 सीसी शिरतो आणि 4 सीसी संपायला 317 दिवस लागतात. 90 दिवसांसाठी ती भरपूर झाली, फॉईलचा खर्च करायची गरज नाही. उत्तरात ‘फॉईल सर्वोत्तम’ असं लिहून मोकळे होऊ नका. फॉईल का नको, हे आकड्याने दाखवलं तर उत्तर पुरं होतं.

हे 317 दिवस म्हणजे बाकरवडीचं आयुष्य नव्हे, हेही तिथेच लिहा. त्याच्या कितीतरी आधी ओलावा शिरून ती मऊ पडू शकते. ती मर्यादा पाण्याच्या वाफेच्या आकड्याने, डब्ल्यूव्हीटीआरने ठरते आणि तिचं गणित वेगळं करावं लागतं. दोन्हींत जी तारीख आधी येईल ती पाकिटावर छापायची.

ऑक्सिजन आणि ओलावा: दोन वेगळी कुलुपं

बहुपर्यायी प्रश्नांत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन पाण्याची वाफ छान अडवतात, पण ऑक्सिजन सहज जाऊ देतात. नायलॉन आणि ईव्हीओएच बरोबर उलट वागतात. कारण रेणूंच्या रचनेत आहे. ईव्हीओएचच्या साखळ्यांवर हायड्रॉक्सिल गट असतात. ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ऑक्सिजनच्या रेणूला सरकायला फट मिळत नाही. पण तेच गट पाण्यालाही ओढतात. हवेत दमटपणा वाढला की पाणी साखळ्यांमध्ये शिरतं, बंध सैल होतात आणि ऑक्सिजन अडवण्याची ताकद झपाट्याने उतरते.

म्हणून ईव्हीओएच कधी उघडा वापरत नाहीत. दोन्ही बाजूंनी पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिन आणि मध्ये ईव्हीओएच, अशी रचना असते. ‘ईव्हीओएच मधल्या थरातच का?’ हा प्रश्न दोन मार्कांना हमखास येतो आणि त्याचं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. प्रश्नात ओटीआर ‘0% आर्द्रता’ला दिलेला असेल आणि पाकीट पावसाळ्यात कोकणात जाणार असेल, तर तो आकडा जसाच्या तसा वापरता येणार नाही, हेही सांगा. पीव्हीडीसी दोन्ही गोष्टी अडवते आणि दमटपणाने फारशी बिघडत नाही. मात्र तिच्यात क्लोरीन असल्यामुळे कचरा जाळताना आणि पुनर्वापरात ती त्रास देते.

गणित बरोबर, तरी माल खवट

हा प्रश्न ‘केस स्टडी’ म्हणून विचारतात, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत तो रोजचाच आहे. फिल्मचा ओटीआर 1, सील होताना हेडस्पेसमध्ये 1% ऑक्सिजन. दोन दिवसांनी पाकिटावर रबराचा छोटा सेप्टम चिकटवून त्यातून सुई घातली, तर विश्लेषक 6% दाखवतो. फिल्म खराब आली का?

हिशेब करा. 5% वाढ म्हणजे 300 मिलीमध्ये 15 सीसी. फिल्ममधून दोन दिवसांत 0.025 सीसी शिरायला हवा होता. सहाशे पटींचा फरक आहे, आणि कुठल्याही फिल्मचा बॅच इतका बिघडत नाही. इथे पाकीट गळतंय. ओटीआर म्हणजे शाबूत फिल्ममधून रेणू विरघळत, सरकत पलीकडे जातात तो वेग. भोकातून हवा वाहते तिला हे सूत्र लागूच होत नाही.

गळती शोधायची तर पाकीट पाण्याच्या पारदर्शक पेटीत बुडवून वरची हवा काढून घेतात. पाकीट फुगतं आणि जिथे भोक असेल तिथून बारीक बुडबुड्यांची सरळ रेघ वर येते. एएसटीएम डी 3078 ही तीच पद्धत. पाकिटाच्या पाठीवरचा उभा सील जिथे वरच्या किंवा खालच्या आडव्या सीलला भेटतो, तिथे आधी बघा. त्या जागी दोनाऐवजी चार पदर येतात, जबड्याचा दाब सारखा बसत नाही आणि पदरांच्या पायरीपाशी केसाएवढी वाट राहते. बाकरवडीच्या बाबतीत दुसरं कारण म्हणजे सीलमध्ये अडकलेला मसाल्याचा चुरा आणि तेल. सील उघडून भिंगाखाली धरलं तर तिळाचा तुकडा नेमका बोगद्यासारखी वाट करून बसलेला दिसतो. उपाय फिल्म बदलण्यात नाही. माल पडून गेल्यावर जबडा मिटायची वेळ जरा पुढे ढकला, तेलातूनही सील होणारा आतला थर निवडा.

बुडबुडे सीलमधून न येता मधूनच, घडीच्या रेषेवरून येत असतील तर फिल्म वारंवार दुमडून थर फुटला आहे. मेटलाइज्ड थर आणि पातळ फॉईल दोघांनाही ही खोड आहे. हातात काय आहे ते ओळखायचं असेल तर रिकामं पाकीट मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. मेटलाइज्ड फिल्ममधून प्रकाश अंधुक दिसतो. फॉईलमधून काहीच दिसत नाही, आणि दिसलाच तर टाचणीच्या टोकाएवढा तेजस्वी ठिपका, तेच ते पिनहोल.

आता उलटा प्रश्न: स्ट्रॉबेरी

बाकरवडीला ऑक्सिजन नकोच असतो. ताज्या फळाला तो हवा असतो, पण कमी. पॅक केल्यावरही फळ श्वास घेत राहतं. फिल्मने त्याच्या श्वासाइतकाच ऑक्सिजन आत सोडला पाहिजे. दोन्ही वेग सारखे झाले की पाकिटातलं वातावरण स्थिर होतं. सुधारित वातावरणातलं पॅकिंग, म्हणजे मॅप, शिकताना हा समतोल कळला की निम्मा धडा संपला.

महाबळेश्वरची 250 ग्रॅम स्ट्रॉबेरी तशाच 0.06 चौरस मीटर पाउचमध्ये 5 अंशांना पुण्याच्या मार्केट यार्डात यायची आहे. समजा प्रश्नात श्वसनाचा वेग किलोमागे ताशी 15 मिली ऑक्सिजन दिलाय आणि आत 6% ऑक्सिजन ठेवायचाय. फळ दिवसाला 0.25 × 15 × 24 म्हणजे 90 मिली ऑक्सिजन वापरतं. इथे Δp 0.21 नाही. आत 0.06 कायम राहणार आहे, म्हणून फरक 0.15:

```
OTR = 90 / (0.06 × 0.15) = 10000
```

25 मायक्रॉन एलडीपीईचा 8000 सुद्धा इथे कमी पडतो. दोन वाटा उरतात: पॉलिथिन आणखी पातळ करायचं, किंवा फिल्मला सूक्ष्म छिद्रं पाडायची. कोणती निवडायची ते कार्बन डायऑक्साइड ठरवतो. फळ जितका ऑक्सिजन घेतं साधारण तितकाच कार्बन डायऑक्साइड सोडतं, असं धरा. बाहेरच्या हवेत तो नगण्य आहे. मग आतलं प्रमाण निघतं असं:

```
CO2 = (0.21 − 0.06) / β
```

β म्हणजे फिल्म ऑक्सिजनच्या किती पट वेगाने कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते तो आकडा. साध्या प्लास्टिकला तो बहुधा 3 ते 6 असतो. 4 धरला तर आत 3.75% कार्बन डायऑक्साइड राहील. छिद्रांमधून मात्र दोन्ही वायू हवेतून पसरावेत तसे पसरतात आणि β साधारण 0.8 पडतो. मग आत 18.75% राहील. स्ट्रॉबेरीला 15 ते 20% कार्बन डायऑक्साइड मानवतो आणि राखाडी बुरशीला तो रोखतो. म्हणून इथे छिद्रांची फिल्म. तीच फिल्म लेट्यूससाठी वापरली तर पानं तपकिरी पडतील, कारण तिला इतका कार्बन डायऑक्साइड सोसत नाही. हे सूत्र लक्षात असलं की ‘कोणत्या फळाला कोणती फिल्म’ हा तक्ता घोकावा लागत नाही.

शेवटचा उपप्रश्न बहुधा तापमानाचा असतो. हीच पाकिटं शीतपेटीतून काढून हातगाडीवर 20 अंशांत ठेवली आणि श्वसनाचा वेग किलोमागे ताशी 75 मिली झाला, तर? दिवसाला 450 मिली ऑक्सिजन लागेल. तो या फिल्ममधून आत यायचा तर Δp 450 / (10000 × 0.06), म्हणजे 0.75 ॲटमॉस्फिअर हवा. हवेतला एकूण ऑक्सिजनच 0.21 आहे. गणितच सांगतं की हे शक्य नाही. तापमान वाढल्यावर फिल्मची पारगम्यताही वाढते, पण श्वसनाइतकी नाही, आणि छिद्रांची तर जवळजवळ नाहीच. आतला ऑक्सिजन संपतो, फळ ऑक्सिजनविना श्वसन सुरू करतं आणि पाकीट फोडल्यावर आंबूस, दारूसारखा वास येतो.

वायूंच्या मिश्रणांबद्दल थोडक्यात

इथे फक्त कोणता वायू काय करतो ते पाहा. नायट्रोजन जागा भरतो आणि ऑक्सिजनला हुसकावतो, बाकी काही नाही. कार्बन डायऑक्साइड जंतूंची वाढ मंदावतो, पण मांसातल्या आणि माशातल्या पाण्यात आणि चरबीत विरघळतो, म्हणून एकटाच भरला तर पाकीट आत ओढलं जातं आणि आधाराला नायट्रोजन लागतो. लाल मांसात 70-80% ऑक्सिजन भरतात तो लालभडक रंग टिकावा म्हणून. थंडगार माशाच्या बाबतीत ऑक्सिजन पूर्ण काढायचा धोकाही विचारतात: क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे काही प्रकार 3 अंशांनाही वाढतात आणि ऑक्सिजन नसणं त्यांच्या पथ्यावरच पडतं.

एक सरावाचं गणित

पेन हातात आहे तोवर हे करून बघा. तीच बाकरवडी, आता 50 ग्रॅमच्या छोट्या पाकिटात. माप 10 सेंमी × 12 सेंमी, हेडस्पेस 80 मिली, उरलेला ऑक्सिजन 1%, मुदत 90 दिवस, मर्यादा तीच 50 पीपीएम.

चालणारा ऑक्सिजन 1.75 सीसी, आधीच आत 0.8 सीसी, उरले 0.95. क्षेत्रफळ 0.024 चौरस मीटर. ओटीआर 0.95 / (0.024 × 0.21 × 90), म्हणजे 2.09. मोठ्या पाकिटाला 3.53 चालत होता, छोट्याला तेवढा चालत नाही, कारण एका ग्रॅममागे फिल्म जास्त आली: तिथे 3 चौरस सेंटिमीटर, इथे 4.8. मेटलाइज्ड पीईटी अजूनही पुरते. पण उरलेला ऑक्सिजन 2% झाला तर मर्यादा 0.33 वर येते आणि तीही नापास होते. गेटच्या एनएटी प्रकारात उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत मागितलं असेल तर मधल्या पायऱ्यांत आकडे गोल करू नका, शेवटीच करा. चुकलं तरी त्यात उणे गुण नाहीत, त्यामुळे जागा कोरी सोडायचं कारण नाही.